माझ्याविषयीच्या सर्व वैयक्तिक माहितीची प्रत मिळण्याबाबत

दि. ९ जून २०२५

प्रति,
डेटा संरक्षण अधिकारी

विषय : खाते क्र. ४०७१८२६३ संबंधी सर्व वैयक्तिक माहितीची प्रत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

मी २०१९ पासून आपल्या ऑनलाइन दुकानाची ग्राहक आहे. माझ्याविषयी आपल्याकडे जी जी माहिती साठवलेली आहे, तिची संपूर्ण प्रत मला हवी आहे. अशी प्रत मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि ती ३० दिवसांत विनामूल्य मिळेल, असे आपल्याच गोपनीयता धोरणात म्हटले आहे. त्यानुसार हा अर्ज.

गेल्या महिन्यात एक वस्तू परत करायला गेले, तर माझ्या खात्यावर परताव्याची सोय बंद असल्याचे कळले. ग्राहक सेवेतील प्रतिनिधींनी 'खात्यावर शेरा आहे' एवढेच सांगितले. तो काय आहे, कोणी आणि कशावरून मारला, हे त्यांना सांगता येईना. त्यामुळे नाव, पत्ता आणि मागवलेल्या वस्तूंची यादी पाठवून हा अर्ज निकाली काढू नये. ती यादी मला ॲपमध्येही दिसते. मी दिलेली माहिती मला ठाऊक आहे; तुम्ही माझ्याबद्दल काय लिहून ठेवले आहे, ते मला पाहायचे आहे.

म्हणून खात्यावरील सर्व शेरे आणि अंतर्गत टिपा, मला दिलेले गुण किंवा ग्राहक-वर्गवारी, ग्राहक सेवेशी झालेल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे व चॅट, तसेच ॲपने गोळा केलेल्या मोबाइल, आयपी पत्ता, ठिकाण आणि कुकीज यांच्या नोंदी त्यात असाव्यात. परतावा बंद करण्याचा निर्णय संगणकाने परस्पर घेतला असेल, तर तो कोणत्या माहितीच्या आधारे, हेही कळवावे. माझी माहिती कुरिअर, जाहिरात किंवा अन्य कंपन्यांना दिली असल्यास त्यांची नावे द्यावीत. 'आमचे भागीदार' या शब्दांतून काहीच कळत नाही. माझ्याविषयी बाहेरून काही मिळवले असल्यास ते कोठून, आणि हे सारे किती काळ ठेवणार, तेही लिहावे.

नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये मिळाल्या तर बरे; स्क्रीनशॉट नकोत. फाइलला पासवर्ड लावून तो वेगळ्या संदेशाने पाठवावा. ध्वनिमुद्रणात तुमच्या कर्मचाऱ्यांची खासगी माहिती असेल तर तेवढी वगळण्यास माझी हरकत नाही, पण त्यासाठी पूर्ण ध्वनिमुद्रण नाकारू नये.

ओळख पटवण्यासाठी खात्यावर नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवावा. ओळखपत्राची प्रत मी देणार नाही. माहिती मागताना आणखी माहिती तुमच्या हवाली करण्यात अर्थ नाही.

हा खाते बंद करण्याचा अर्ज नाही. उत्तर मिळेपर्यंत कोणतीही नोंद पुसू किंवा बदलू नये. काही भाग देता येत नसेल, तर कोणता आणि का, हे लेखी कळवावे. या पत्राची पोच आणि अर्ज क्रमांक नोंदणीकृत ईमेलवर पाठवावा, ही विनंती.

आपली,
स. वि. कुलकर्णी