भौतिकशास्त्र, प्रथम सत्र परीक्षा: संविधान तक्ता व गुणदान योजनेचा गोषवारा

प्रश्नपत्रिका 50 गुणांची असून तिच्यासाठी दोन तास मिळतील. विकल्प धरून छापील प्रश्न 69 गुणांचे असतील. त्यांची प्रकरणनिहाय विभागणी अशी आहे.

| प्रकरण | गुणभार | विकल्पासह गुण |
|---|---|---|
| गतीचे नियम | 10 | 14 |
| गुरुत्वाकर्षण | 7 | 9 |
| कार्य आणि ऊर्जा | 8 | 11 |
| प्रकाशाचे अपवर्तन | 11 | 16 |
| विद्युतधारा | 14 | 19 |

प्रश्न 1 मध्ये प्रत्येकी एका गुणाचे दहा बहुपर्यायी प्रश्न असून त्यांना विकल्प नाही. प्रश्न 2 मध्ये आठपैकी कोणतेही सहा (प्रत्येकी 2 गुण), प्रश्न 3 मध्ये सातपैकी कोणतेही पाच (प्रत्येकी 3 गुण) आणि प्रश्न 4 मध्ये तीनपैकी कोणतेही दोन (प्रत्येकी 4 गुण) सोडवायचे आहेत. प्रश्न 5 पाच गुणांचा असून त्यात अंतर्गत विकल्प आहे: 'अ' प्रकाशावर, 'ब' विद्युतधारेवर.

विकल्प पाहून एखादे प्रकरण वगळण्याचा मोह दरवर्षी अनेकांना होतो, म्हणून त्याचा हिशेब येथेच मांडतो. विद्युतधारा वगळल्यास थेट नुकसान बहुपर्यायी प्रश्नांतील दोनच गुणांचे दिसते. परंतु प्रश्न 3 मध्ये पाच आणि प्रश्न 4 मध्ये दोनच उपप्रश्न उरत असल्याने तेथे निवडीला वाव राहत नाही, आणि त्यांपैकी एक जरी अडला तरी ते गुण भरून काढता येत नाहीत. विद्युतधारेसोबत प्रकाशही वगळला, तर प्रश्न 5 पूर्णपणे हातचा जातो आणि एकूण 16 गुणांना मुकावे लागते.

उदाहरणे सोडवताना तीन गुणांपैकी दिलेल्या राशी व सूत्रासाठी 1, किमती घालून केलेल्या आकडेमोडीसाठी 1 आणि एककासह उत्तरासाठी 1 गुण आहे. एकक न लिहिल्यास अर्धा गुण वजा होईल. आकडेमोडीत एकदा झालेल्या चुकीचे गुण एकदाच कापले जातील. त्या चुकीच्या किमतीवरून पुढची पायरी योग्य रीतीने केली असल्यास तिचे गुण मिळतील. त्यामुळे उत्तर जुळत नाही म्हणून सोडवलेले सगळे खोडून टाकू नये. चार गुणांच्या सूत्र-सिद्धतेत आकृतीसाठी 1, पायऱ्यांसाठी 2 आणि अंतिम सूत्रासाठी 1 गुण असून, किरणाकृतीत बाण नसल्यास अर्धा गुण कमी होईल.

बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर पर्यायाच्या अक्षरासह लिहावे. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जाणार नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. मागितल्यापेक्षा जास्त उपप्रश्न सोडवल्यास उत्तरपत्रिकेतील क्रमाने आधी आलेलेच तपासले जातील. एखादे उत्तर विचारात घेऊ नये असे वाटत असेल, तर त्यावर स्पष्ट तिरकी रेघ मारावी.