अपघात नोंद: भिंतीवरची फळी ग्राहकावर कोसळली

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. वेळ संध्याकाळी ६.४०. स्थळ: आमचे किराणा दुकान, सातारा, डाव्या भिंतीवरची वरची फळी.

नेहमीच्या ग्राहक काकू (वय ६१) बेसनाचे पाकीट काढत असताना फळी मालासकट पुढे झुकून त्यांच्यावर आली. फळीला त्यांनी ओढ दिली नव्हती, पाकीट फक्त उचलले होते. काउंटरवरून मी हे स्वतः पाहिले. काकूंची यात काहीही चूक नाही.

फळीवरचा माल त्याच रात्री काट्यावर घालून मोजला. ५ लिटरचे तेलाचे कॅन १६, प्रत्येकी ४.७५ किलो, म्हणजे ७६ किलो. बेसन ३० किलो, रवा २० किलो. माल १२६ किलो, प्लायची फळी ९ किलो, एकूण १३५ किलो. एक कॅन फुटला होता, तो भरलेला धरला आहे. फळी बसवताना तिच्यावर पापड, शेवया असा हलका माल ठेवायचे ठरले होते. दिवाळीचा माल आला, जागा पुरेना, म्हणून रविवारी तेल वर चढवायला मीच सांगितले. कॅन पुढच्या कडेला होते.

फळी सहा फूट लांब, सव्वा फूट रुंद. खाली तीन लोखंडी ब्रॅकेट, प्रत्येकाला दोन दीड इंची स्क्रू, प्लास्टिकच्या गुट्ट्यांत. भिंतीचा गिलावाच पाऊण इंच जाड, त्यामुळे विटेत स्क्रू पाऊण इंचही गेलेले नव्हते. तिन्ही ब्रॅकेट सरळ आहेत, वाकलेले नाहीत. वरचे स्क्रू गुट्ट्यांसकट उपटून आले. फोटो काढून स्क्रू डबीत ठेवले आहेत.

काकूंच्या डाव्या खांद्यावर कॅन पडला, भुवईवर खोक पडली. त्या लगेच उठू पाहत होत्या. दुकानातल्या मुलीने त्यांना बसवूनच ठेवले आणि स्वच्छ पंचा जखमेवर दाबून धरला. सांडलेल्या तेलावर दुकानातल्या मुलाने लाकडाचा भुसा टाकला, शटर अर्धे ओढले. काकू शुद्धीवर होत्या, उलटी नाही, पण हात उचलवेना. तो हलू न देता ओढणीने गळ्यात बांधला. १०८ ला फोन ६.४४ ला, गाडी ७.०२ ला आली. मी सोबत गेलो, त्यांच्या मुलाला वाटेतच कळवले. भुवईला चार टाके, एक्स-रेत गळ्याजवळच्या हाडाला तडा. रात्री १०.३० ला घरी सोडले. बिल दुकानाने भरले. पुढची तपासणी, औषधे आणि जाण्यायेण्याचे रिक्षाभाडेही दुकानच देईल, हे मी त्यांच्या मुलाला सांगितले आहे.

तशीच बसवलेली समोरची फळी त्याच रात्री रिकामी करून उतरवली. १७ तारखेला दोन्ही जागी जमिनीवर उभ्या अँगलच्या रॅक आल्या, वरून भिंतीला अँकर बोल्टने आवळल्या. तेल आता सगळ्यात खालच्या कप्प्यात. प्रत्येक कप्प्यावर किती किलो ठेवायचे ते रंगाने लिहिले आहे.

१६ आणि १९ तारखेला काकूंना घरी जाऊन भेटलो. खांदा अजून दुखतो. फराळाचे सामान घरपोच दिले.

नोंद करणार: दुकानमालक, १९ ऑक्टोबर २०२५