विषय: मुद्रितशोधक पदाबद्दलचा आपला मेल मिळाला

आदरणीय संपादक मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मुद्रितशोधक पदासाठी माझी निवड झाली नाही, हे कळवणारा आपला मेल काल संध्याकाळी मिळाला. वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण आठवड्याच्या आत आणि माझं नाव घालून कळवलंत, याबद्दल मनापासून आभार. याआधी दोन ठिकाणी परीक्षा देऊन आले. तिथून आजवर होकारही नाही आणि नकारही नाही. ज्यांची निवड झाली, त्यांना माझ्या शुभेच्छा सांगाव्यात.

परीक्षेच्या चार पानांबद्दल एक कबुली आधीच देते. त्या दिवशी आपल्या कार्यालयातून निघून तलावपाळीवरून स्टेशनकडे चालले होते. वाटेत एका फ्लेक्सवर ठळक अक्षरांत 'कवीसंमेलन' दिसलं आणि मी जागीच थांबले. तिसऱ्या पानाचं शीर्षक हुबेहूब तसंच होतं! 'कवी' एकटा असला की दीर्घ, समासात पहिला आला की 'कविसंमेलन', ऱ्हस्व. 1962 चे 14 नियम आणि 1972 ची 4 नियमांची भर कुणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन, आणि नेमकं शीर्षकच सुटलं. खालच्या बारीक मजकुरात हरवलेले अनुस्वार शोधत बसले होते. ती चूक माझी, तिच्याबद्दल काही विचारायचं नाही.

विचारायचं आहे ते दुसऱ्या पानावरच्या गोष्टीबद्दल. तिच्यातली आगरी आजी 'पानी', 'कोन' असं बोलते. मी तिचे सगळे 'न' खोडून 'ण' केले. मुलाखतीत आपण त्या ओळीवर बोट ठेवून "हे का बदललंत?" असं विचारलंत, तेव्हा मी "नियमाप्रमाणे" म्हणाले, आणि आपण पान उलटलंत. गंमत म्हणजे कळव्यात आमच्या शेजारच्या आजी अगदी अशाच बोलतात, त्यांचं बोलणं मी लहानपणापासून ऐकते. लाल पेन हातात आल्यावर त्यांनाच सुधारायला निघाले! संवादातली बोली आणि निवेदनातली प्रमाणभाषा यांना वेगवेगळ्या डोळ्यांनी वाचायला हवं होतं, हे घरी आल्यावर कळलं. पण पुढचं अजून नीट उमगलेलं नाही. गोष्टीतली तीच आजी एका ओळीत 'पानी' आणि दुसऱ्या ओळीत 'पाणी' म्हणत होती. अशा वेळी आपल्याकडे मुद्रितशोधकाने बोलीचं रूप एकसारखं करायचं असतं, की समासात प्रश्नचिन्ह टाकून निर्णय लेखकावर सोडायचा असतो?

आणि निवड न होण्यात या दुरुस्त्यांचा वाटा किती होता, की इनडिझाईन येत नाही हेच मुख्य कारण होतं? दोन ओळींत सांगितलंत तरी पुरे. कडक शब्दांत सांगितलंत तरी चालेल. निवडीबद्दल बोलणं संस्थेच्या नियमात बसत नसेल, तर उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन.

एक विनंती आहे. गणपतीनंतर दिवाळी अंकांची प्रुफं एकदम येऊन पडतात आणि तेव्हा बाहेरून वाचून घ्यावी लागतात, असं बोलता बोलता आपण म्हणाला होतात. त्या वेळी माझं नाव लक्षात ठेवाल का? कळवा ते ठाणे एकच स्टेशन आहे. संध्याकाळी प्रुफं घेऊन गेले तर सकाळी कामावर जाताना परत आणून देता येतील. कागदावरची चालतील, पीडीएफही चालेल. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणलेल्या जुन्या मजकुरात जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ते निस्तरण्याचं काम मी सध्याच्या नोकरीत रोज करते, त्यामुळे तसला मजकूर बिनधास्त माझ्याकडे पाठवा. बाहेरच्या इतर वाचकांना जो दर देता, तोच मला चालेल. इनडिझाईनचा क्लास याच महिन्यात सुरू केला आहे. अंकांच्या वेळेपर्यंत निदान दुरुस्त्या पानात स्वतः लावण्याइतपत हात बसेल.

पुढे हे पद पुन्हा निघालं, तर मी नव्याने अर्ज करेन. तेव्हा परीक्षा पुन्हा द्यायला माझी तयारी आहे. माझा फोन नंबर अर्जात आहेच.

त्या दिवशी चहा पाजून निवांत बोललात, तेही लक्षात आहे.

आपली,
मानसी
कळवा, ठाणे

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी दोनदा वाचलं आहे. विषयाची ओळ तीनदा.