अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्व कोणाकडे? : आपल्या कार्यशाळेतील पालकांसाठी

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याच्या नजरेत ती सज्ञान. आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व तिथेच संपते, बौद्धिक अक्षमता असली तरीही. बँकेत किंवा मालमत्तेच्या व्यवहारात ही अडचण एकदम समोर येते.

बहुतेक घरांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 हा मार्ग सोयीचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानीय स्तर समितीकडे अर्ज करायचा. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. अपंगत्व प्रमाणपत्र आणि वयाचा पुरावा आधीच काढून ठेवा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेबही. पालकाने हेळसांड केली तर समिती त्याला काढू शकते, म्हणून ही कटकट मुलाच्याच भल्याची आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, मुलाशी विचारविनिमय करून. ज्याला पैसे मोजता येतात, आवडनिवड सांगता येते, त्याचे सगळे निर्णय आपण का घ्यावेत? अशा मुलासाठी आधी हाच पर्याय तपासा.

मृत्युपत्र आणि खासगी ट्रस्ट पैशांची सोय करतात. पालक नेमण्याची जागा ते घेत नाहीत.

आपल्यानंतर कोण, हे भावंडांवर गृहीत धरू नका. ताईला, दादाला, सुनेला समोर बसवून विचारा. आणि ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे, त्यालाही त्या बैठकीत बसवा.