लळिंग किल्ला: ऑडिओ गाईडची वाचनप्रत

निवेदिकेसाठी: वेग मिनिटाला ११० शब्दांच्या वर नको, ऐकणारा दमलेला असतो. / म्हणजे २ सेकंद, // म्हणजे ५. वेळा मी गडावर उभं राहून मोबाईलवर मोजल्या आहेत.

थांबा १. गावातलं महादेव मंदिर (०:३०)

राम राम मंडई! / तुम्ही लळिंग गावात, महादेवाच्या जुन्या दगडी मंदिरापाशी आहात. वर पाहा. तो डोंगर म्हणजेच आपला किल्ला. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, टोप्या घाला. पुढचा भाग दरवाज्यात पोचल्यावरच लावा. //

[‘मंडई’ हा आपला अहिराणी उच्चार, त्याचं ‘मंडळी’ करू नका. लळिंगमधला ळ मात्र जीभ वळवून, ठळक.]

थांबा २. दरवाजा (०:५५)

[आधी ८ सेकंद शांतता. श्वास खाली बसू दे.]

बसा जरा. / फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली आणि खानदेशात फारूकी घराणं रुजलं. त्याच्यामागे थाळनेर धाकट्या मुलाकडे गेलं, लळिंग थोरल्या नासिरकडे. नासिरखानाने पुढे असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं. / पण १४३७ मध्ये बहामनी फौज मागे लागली, तेव्हा आसऱ्याला तो इथेच आला. त्याच वर्षी वारला. //

[तेराशे सत्तर, चौदाशे सदतीस असंच वाचा. ‘वारला’वर आवाज पाडू नका, साधं म्हणा.]

थांबा ३. पाण्याची टाकी (१:०५)

थोडं वाका. कातळाच्या पोटात काळोख दिसतोय ना? ते टाकं. // आतले खांब बाहेरून आणून उभे केलेले नाहीत. भोवतीचा दगड कोरून काढला, खांब जागच्या जागी राहिले. कडेच्या कातळावर बोट फिरवा. / खरखरीत लागतंय? छिन्नीचे घाव आहेत ते. / आपल्याकडे पाऊस चार महिने. बाकीचे आठ महिने गडावरची माणसं नि जनावरं या साठ्यावर जगायची. खालची वाट शत्रूने अडवली तरी टाकं भरलेलं असलं की गड तग धरायचा. पाण्यात काही टाकू नका.

[इथे पूर्ण १५ सेकंद शांतता. संगीत घालायचं नाही! टाक्यातला घुमारा कुठलंही वाद्य देणार नाही. ‘टाकं’चा शेवट लांबवा; ‘टाकी’ फक्त अनेकवचनात.]

थांबा ४. माथा, ललितामाता (०:५०)

चपला बाहेर काढा. / दर्शन झालं की उत्तरेकडे तोंड करा. ते धुळं. खाली मुंबई-आग्रा महामार्ग. या वाटेवर नजर ठेवायला याहून चांगली जागा कुठली! // पायथ्याच्या रानात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे उतरले होते. दरवर्षी त्या तारखेला लोक तिथे जमतात. /

[‘बाबासाहेब’ सावकाश, मग अर्धा श्वास.]

आता हेडफोन काढा. उतारावर मुरूम घसरतो, पाय आडवे टाका, आणि मागच्याला हाक मारत उतरा.