समेवर परत: गाण्याच्या क्लासची पालकांसाठी रील

उभी रील, २ मिनिटं ५० सेकंद. बोलणार मी. शूटिंग मंगळवारी, मुलं यायच्या अर्धा तास आधी, आमच्या सोप्यातच. बैठकीची क्लिप डिसेंबरातल्या रविवारची, तुझ्याकडं आहे तीच.

०:०० ते ०:०७
(क्लिपचा मधलाच तुकडा. निळ्या परकर-पोलक्यातली मुलगी सतरंजीवर मांडी घालून बसलेली. ओठ मिटलेले, नजर एका जागी. तबल्याचा ठेका चालू. बाकी काही आवाज नाही.)
पडद्यावर: ही विसरली.
(दोन सेकंद थांबून) पडद्यावर: म्हणूनच ही क्लिप दाखवत्येय.

०:०७ ते ०:२७
(मी, पेटीमागं. मागं भिंतीला टेकलेले तानपुरे दिसू देत.)
मी: नमस्कार. शहापुरात, नाथ पै सर्कलजवळ, मी मुलांना गाणं शिकवते. ही आमची विद्यार्थिनी, वय ८, क्लासचं दुसरं वर्ष. आमच्या सोप्यातच छोटी बैठक होती, चाळीसेक माणसं होती. ही भूप गात होती, तीनतालात. आता तीस सेकंद मी गप्प बसते. तुम्ही तिचं तोंड बघू नका, उजवा हात बघा.

०:२७ ते ०:५७
(क्लिप, सलग. खाली कोपऱ्यात मात्रा मोजणारे आकडे १ ते १६. प्रत्येक समेला १ चा आकडा मोठा.)
मुखडा, मग सम.
पहिली सरगम: सा रे ग प ध सां ध प. परत मुखडा, सम.
दुसरी सरगम: ग प ध सां...
(इथं ती थांबते. ठेका चालू राहतो. आकडे चालू राहतात. पडद्यावर एकही अक्षर नको. अंगठा बोटांच्या पेरांवर सरकताना दिसतो, तेवढं पुरे. दहा सेकंदांनी ती नवव्या मात्रेवर मुखडा उचलते. सम. मागून कुणाचातरी "वा!" येतो, तो राहू दे.)

०:५७ ते १:३५
(मी. हाताच्या बोटांवर मोजून दाखवत.)
मी: काय झालं सांगते. तीनताल सोळा मात्रांचा. हिनं मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेवरून, म्हणजे जिथं टाळी वाजत नाही त्या खालीवरून उचलायचा आणि एकवर, समेवर यायचं. दुसऱ्या सरगमीत चार स्वर म्हटले आणि पुढचं डोक्यातून गेलंच. मुखडाही हुकला. वीस मात्रा ती गप्प होती. पण अंगठा थांबला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, समोर बसलेल्या आईकडंही बघितलं नाही. मी ओठ हलवले नाहीत, तबल्यावरच्या दादानंही ठेका सैल केला नाही. पुढची खाली आली, तिनं मुखडा घेतला आणि समेवर आली. तिचं तिनं केलं.

१:३५ ते २:०२
(क्लासमधला शॉट. मुलं गोलात, टाळी-खाली दाखवत. मी हात वर करते, सगळे गप्प, बोटं चालू. मग सगळ्यांचा एकदम "धा".)
माझा आवाज: पहिले तीन महिने आमच्याकडं गळ्यापेक्षा हाताला काम जास्त. धा धिं धिं धा म्हणत टाळी द्यायची. मध्येच मी सगळ्यांना गप्प करते. तोंड बंद, मोजणं चालू. समेवर सगळ्यांनी एकदम "धा" म्हणायचं. पहिल्या महिन्यात बारा मुलांचे बारा "धा" ऐकू येतात. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी कोंकणी. शाळा तर तीन माध्यमांच्या. चौथ्या महिन्यात त्या बाराचा एक "धा" होतो, तो दिवस मी कधी चुकवत नाही.

२:०२ ते २:१२
(आजोबा, बैठक संपल्यावर, हातात कुंद्याची वाटी. आयुष्यभर वडगावला मागावर होते. त्यांचं बोलणं जसंच्या तसं.)
आजोबा: मागावर धागा तुटला की माग थांबवून गाठ मारावी लागतीय. आमच्या पोरीनं चालत्या मागावर गाठ मारली बघा.

२:१२ ते २:५०
(परत मी. थेट कॅमेऱ्याकडं.)
मी: आई-बाबा पहिला प्रश्न विचारतात, गणपतीपर्यंत एक गाणं बसेल काय? बसेल. ऐकून ऐकूनही बसतं. पण विसरल्यावर परत यायला वर्ष लागतं, आणि मी शिकवते ते हेच. "आमच्या मुलाला आवाजच नाही" म्हणून घरी ठेवू नका. आवाज आहे की नाही हे पट्टीत बसायला लागल्यावर कळतं. वय ६ ते १२. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. पहिल्या दोन क्लासची फी नाही. येऊन बघून जावा की.
पडद्यावर: "सम" असं लिहून मेसेज करा.

एडिटिंग करताना

मागं कुठलंही म्युझिक घालू नकोस. त्या दहा सेकंदांत ठेका आणि शांतता एवढंच हवं. सुरुवातीला तू म्हणालास, लोक दहा सेकंद थांबत नाहीत, सरकवून पुढं जातात. जाऊ देत. जे पालक थांबतील त्यांचीच मुलं मला हवीत. स्लो मोशन नको, कारण लय बदलली तर ती बरोबर खालीवर आली हे दिसणारच नाही आणि मग क्लिपला अर्थच उरत नाही. स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकू येते, ती पुसू नकोस. घरातली बैठक आहे, घरासारखीच वाटू दे.

दुसऱ्या एका मुलाची क्लिप मी मुद्दाम घेतली नाही. तो एकही चूक न करता गायला, सुरेख गायला. पण ती बघून पालक आपल्या मुलाशी तुलना करतात आणि गप्प होतात. शिवाय पाठ केलेलं आणि कळलेलं यांतला फरक बिनचूक गाण्यात बाहेरून दिसत नाही. विसरण्यात दिसतो.

मुलीचं नाव, शाळा, घर काही येऊ देऊ नकोस. आई-बाबांनी हो म्हटलंय. मी तिलाही विचारलं. म्हणाली, "टीचर, विसरल्याचं दाखवणार ना, मग परत आल्याचंही सगळं दाखवा, मध्येच कापू नका." तेव्हा कापायचं नाही हे तिचं म्हणणं आहे, माझं नंतर. सबटायटल मराठीतून आणि कन्नडमधून, दोन्ही. आजोबांचं वाक्य प्रमाण मराठीत बदलू नकोस.

मोठ्या गवयांचे फोटो लावूया म्हणालास, ते नको. कुमार गंधर्वांचा जन्म सुळेभावीचा, १९२४ सालचा, आणि रामभाऊ विजापुऱ्यांनी बेळगावातच कितीतरी लोकांना पेटी शिकवली, हे मला अभिमानाचं आहे. मुलांना मी ते सांगते, ऐकवतेही. पण त्यांचे चेहरे दाखवून फी घेणं मला जमणार नाही. तुमचं मूल कुमार गंधर्व होईल असं कुणाला वाटायला नको.

कॅप्शन

आठ वर्षांची मुलगी चाळीस माणसांसमोर गाताना विसरली. वीस मात्रा गप्प राहिली आणि कुणीही न सांगता समेवर परत आली. क्लिप सलग आहे, कुठं कापलेली नाही. मुलांचा हिंदुस्थानी गायनाचा क्लास, शहापूर, बेळगाव. महिन्याला ७०० रुपये, एका बॅचला १२ मुलं. पहिल्या दोन क्लासला पालकांनीही मागं सतरंजीवर बसायचं आहे, फोन पिशवीत ठेवून. नवी बॅच जूनच्या पहिल्या मंगळवारी.

कमेंटमध्ये विचारतील, ही उत्तरं तयार ठेव

पेटी घ्यावी लागेल काय?
वर्षभर तरी नको. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप, पट्टी काळी चार, रोज पंधरा मिनिटं. त्यातही पहिली पाच मिनिटं नुसता सा. घरात कुणीतरी शेजारी बसलं तर मूल बसतं. भाजी निवडत बसलात तरी चालेल, टीव्ही मात्र बंद.

परीक्षेला बसवता काय?
अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी करून घेते, पण पहिल्या वर्षी नाही. ताल हातात यायच्या आधी परीक्षेला बसवलं तर मूल बंदिश पाठ करतं, प्रमाणपत्र मिळतं आणि गाणं तिथंच राहतं. अशी मुलं माझ्याकडं येतात, त्यांना परत टाळीपासून सुरू करावं लागतं, आणि त्याचा त्यांना फार कंटाळा येतो. त्यात मुलांचा काही दोष नसतो.

चार वर्षांची आहे, आणू काय?
सहा पूर्ण होऊ देत. तोवर घरात पाळणे म्हणा, आरत्या म्हणा, हातानं टाळी धरायला लावा. आरतीत टाळी धरणारं मूल माझं काम निम्मं करून येतं.

शाळेच्या परीक्षा आल्या की काय?
मार्चमध्ये दोन आठवडे सुट्टी देते, त्याची फी घेत नाही. गणितात मार्क वाढतील असं आश्वासन मी देणार नाही, मला ते माहीत नाही. पण परीक्षेच्या नावानं अख्खा महिना बंद करू नका. बोटांनी मोजायची सवय मोडली की परत जोडायला दोन महिने जातात.

खानापूरहून येतो, रविवारी बॅच आहे काय?
सध्या नाही. रविवारी मी वडिलांना घेऊन दवाखान्यात असते. खानापूर, यळ्ळूर, हिंडलगा या बाजूची पाच-सहा मुलं जमली तर शनिवारी दुपारी तीनला बॅच सुरू करेन, नावं कळवून ठेवा.