विषय: मनमाडचं पाणी – ज्याची टाकी मोठी त्याचा नळ मोठा (रविवार पुरवणीसाठी प्रस्ताव)

नमस्कार सर,

मी स्नेहल, नांदगाव तालुक्यातून मुक्त पत्रकारिता करते. लासलगावच्या कांदा लिलावांवरचा माझा वृत्तांत मागच्या हंगामात तुम्ही घेतला होता. मनमाडच्या पाणीटंचाईवर एक सविस्तर बातमी सुचवते आहे.

मनमाडला पाणी नाही, ही बातमी दर उन्हाळ्यात येते: कोरडं वागदर्डी धरण, हंड्यांची रांग, संपलं. मला त्याच्या पुढचं लिहायचं आहे. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येतं तेव्हा खरा प्रश्न साठवणुकीचा होतो. बंगल्याखाली दहा हजार लिटरची टाकी असते, भाड्याच्या एका खोलीबाहेर दोनशे लिटरची चार टिपं. पाणी दोघांकडेही त्याच दिवशी येतं. पण पाच माणसांच्या घरात 800 लिटर पंधरा दिवस पुरवायचे, तर माणशी रोज 11 लिटरसुद्धा येत नाहीत. मग टँकर, जार आणि उसनवारी. कमी कमावणाराच पाण्याला जास्त पैसे मोजतो, हे मला घरोघरच्या हिशेबाच्या वह्यांतून दाखवायचं आहे.

गल्लीच्या टोकाला हे जास्त बोचतं. वरच्या घरांनी नळाला थेट मोटर लावली की खालच्या नळातून फक्त हवा येते. एका घरी टिपाला साखळी आणि कुलूप पाहिलं. त्या ताई म्हणाल्या, "सोनं चोरीला गेलं तर पोलीस तरी येतील." आठवडा उलटला की त्याच पाण्यात तुरटी फिरवतात, वरचं कापडाने गाळून पितात. साठवलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, म्हणून आरोग्याची बाजूही घेणार आहे.

दुसरा धागा पाण्याच्या वाटेचा. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटतं, पाटोद्याच्या साठवण तलावात पाणी घेतात, तिथून ते उपसून वागदर्डीत येतं. म्हणजे रेल्वे जंक्शन असलेलं अख्खं शहर आवर्तनाच्या तारखेवर जगतं, आणि त्याच कालव्यावर निफाड-येवल्याचे शेतकरीही अवलंबून आहेत. त्यांना खलनायक करणारी बातमी मला करायची नाही. करंजवण धरणातून थेट जलवाहिनीच्या योजनेवर गावाची भिस्त आहे. तिच्यामुळे टोकाच्या गल्लीला दाब मिळेल का, हा प्रश्न पालिकेला आणि पाणीपुरवठा अभियंत्यांना लेखी विचारणार आहे.

बाराशे शब्द, सोबत फोटो आणि तीन घरांच्या पाणीखर्चाची चौकट देईन. काही कुटुंबांनी बोलायची तयारी दाखवली आहे. भाडेकरूंची नावं मात्र छापायची नाहीत, घरमालकाची भीती आहे. पुढच्या आवर्तनाच्या आधी छापून आलं तर उपयोग होईल, म्हणून होकार मिळाल्यापासून दहा दिवसांत मजकूर पाठवते. हा विषय दुसरीकडे कुठेही दिलेला नाही. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर पुढच्या पाणीवाटपाच्या दिवशी पहाटेपासून गल्लीत थांबता येईल.

आपली,
स्नेहल
मनमाड